पट्टी ‘निल’, रक्तात २१४: लघवीच्या साखरपट्टीने दोनदा चकवलं ते प्रकरण

एकाच माणसाच्या बाबतीत लघवीची पट्टी दोन उलट दिशांनी चुकली. आधी रक्तात साखर वाढलेली असताना ती कोरी राहिली आणि पुढे काही आठवड्यांनी साखर उतरत असताना गडद तपकिरी झाली. दोन्ही वेळा मूळ दोष पट्टीच्या बिघाडाचा नव्हता, हे या प्रकरणाचं मर्म आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. साखरेचे आकडे सगळीकडे डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये दिले आहेत.

पार्श्वभूमी

गृहस्थ ६७ वर्षांचे, टाइप २ मधुमेह १४ वर्षांपासून. औषधं मोजकी: मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि सकाळी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम. सुईची भीती असल्यामुळे त्यांनी ग्लुकोमीटर कधी घेतला नाही. त्याऐवजी रोज सकाळी उठल्यावर पहिल्या लघवीत पट्टी बुडवायची आणि वहीत नोंद करायची. तीन वर्षांच्या त्या वहीत तारखांसमोर ओळीने ‘निल’ लिहिलेलं होतं. शिस्त अशी की एकही दिवस सुटलेला नव्हता.

डॉक्टरांकडे सहा महिन्यांनी फेरी व्हायची. “घरी साखर तपासता ना?” असं विचारलं जायचं आणि “रोज तपासतो, नॉर्मल येते,” असं उत्तर मिळायचं. कागदावर ‘घरची साखर नॉर्मल’ एवढंच चढायचं. कशाने तपासता, हे ना कोणी विचारलं, ना त्यांनी सांगितलं. रक्ताची शेवटची तपासणी दोन वर्षांपूर्वीची, फक्त उपाशीपोटीची, आणि तीत १३८ आले होते. फार वाईट आकडा नव्हता, म्हणून विषय तिथेच थांबला.

अडचण

तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. पुढे पायातली चप्पल निसटली तरी पत्ता लागेना, तेव्हा मुलीने आग्रहाने पूर्ण तपासणी करून घेतली. उपाशीपोटी १६८, जेवणानंतर दोन तासांनी २३६, आणि एचबीए१सी ८.६ टक्के. मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग, म्हणजे अहवालात ‘ईजीएफआर’ म्हणून येतो तो आकडा, ५८. लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिनही जाऊ लागलं होतं.

एचबीए१सी म्हणजे साधारण गेल्या तीन महिन्यांची सरासरी. तिचं रक्तातल्या साखरेत रूपांतर करायचं असेल तर ८.६ ला २८.७ ने गुणायचं आणि त्यातून ४६.७ वजा करायचे. उत्तर येतं २००. म्हणजे रात्रंदिवसाची सरासरीच २०० होती, आणि वही मात्र ‘निल’ म्हणत होती.

गृहस्थांचा पहिला संशय प्रयोगशाळेवर गेला, आणि त्यात नवल नाही. एकीकडे हजाराहून जास्त नोंदी होत्या, दुसरीकडे एक कागद. दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासणी केली तर उपाशीपोटी १७१ आले. त्या सकाळीही पट्टी कोरीच होती.

पट्टी नेमकं काय सांगते

पट्टीच्या टोकाच्या चौकोनात दोन विकरं असतात. ग्लुकोज ऑक्सिडेज हे पहिलं विकर ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं आणि पेरॉक्सिडेज हे दुसरं विकर त्या पेरॉक्साइडच्या मदतीने रंग पालटवतं. या गृहस्थांच्या पट्टीवर निळसर रंगापासून हिरवा आणि मग तपकिरी, असा क्रम होता. घरं १००, २५०, ५००, १००० आणि २००० ची. पट्टी बुडवल्यापासून बरोबर ३० सेकंदांनी रंग जुळवायचा. त्यानंतर रंग गडद होत जातो, त्यामुळे दोन मिनिटांनी पाहिलेला रंग कुठल्याच घराचा नसतो.

हे आकडे लघवीतल्या साखरेचे आहेत, रक्तातल्या नव्हेत. लघवीत साखर उतरेल की नाही, हे मूत्रपिंड ठरवतं. निरोगी मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. रक्तात साखर १०० असेल तर त्या द्रवाबरोबर सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळणीतून खाली येतं, आणि पुढच्या नळ्या ते जवळजवळ सगळं परत रक्तात ओढून घेतात. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की नळ्यांना ते पेलत नाही आणि उरलेली साखर लघवीत सांडते. या पातळीला मूत्रपिंडाचा उंबरठा म्हणतात.

म्हणजे उंबरठा अगदी पुस्तकातला, १८० चा, असला तरी रक्तात ५० असो, ११० असो की १७५, पट्टी एकच उत्तर देते. साखर धोकादायक उतरली आहे आणि साखर उत्तम आहे, या दोन्हींसाठी तिच्याकडे एकच शब्द आहे: ‘निल’. मधुमेहाचं निदान उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त आकड्यावर होतं, हे लक्षात घेतलं तर निदानासाठी पट्टी का चालत नाही हे वेगळं सांगायला नको.

वेळेचाही घोळ असतो. मूत्राशयातली लघवी काही तासांची मिसळण असते. सकाळची पहिली लघवी रात्रभराची, त्यामुळे ती आत्ताचा आकडा सांगत नाही. आणि दुपारच्या जेवणानंतर साखर कितीही चढली असली तरी तिचा त्यात मागमूसही नसतो. या गृहस्थांनी दिवसातली नेमकी तीच वेळ निवडली होती, जेव्हा त्यांच्या पट्टीला काही दिसण्याची शक्यता सर्वांत कमी होती.

शोध: दोष कोणाचा

तरीही उपाशीपोटी १६८ आणि सरासरी २०० असताना वहीत एकदाही पुसट हिरवा रंग नोंदला गेला नाही, हे खटकणारं होतं. संशयित तीन होते. पट्टी खराब झालेली असणं हा पहिला. गृहस्थ ‘ताकदीसाठी’ ५०० मिलिग्रॅमच्या व्हिटॅमिन सीच्या दोन गोळ्या रोज घेत होते, तो दुसरा. तिसरा म्हणजे उंबरठाच वर सरकलेला असणं.

पट्टीची परीक्षा सोपी आहे. १ ग्रॅम ग्लुकोज पावडर २०० मिलिलिटर पाण्यात विरघळवली की साधारण ५०० चं द्रावण होतं. त्यात पट्टी बुडवली तर ५०० च्या घराचा रंग यायला हवा. इथे घरगुती प्रयोग हमखास एका ठिकाणी फसतो. ग्लुकोजऐवजी स्वयंपाकघरातली साधी साखर घेतली जाते. ती सुक्रोज असते, हे विकर तिला ओळखत नाही, आणि मग चांगली पट्टीही खराब ठरवून फेकली जाते.

बाटली न्हाणीघरातल्या फळीवर, दमट हवेत, बऱ्याचदा झाकण अर्धवट लावून ठेवलेली असे. त्या बाटलीतली पट्टी ५०० च्या द्रावणात २५० वर थांबली. नव्या बाटलीतली बरोबर ५०० वर गेली. म्हणजे जुनी पट्टी कमी दाखवत होती खरी, पण मेलेली नव्हती. पुढच्या सगळ्या चाचण्या नव्या बाटलीने केल्या.

व्हिटॅमिन सी रंग येऊ देत नाही, कारण विकराने तयार केलेला पेरॉक्साइड रंगापर्यंत पोचण्याआधीच ते खाऊन टाकतं. हे तपासायला गृहस्थांच्याच १०० मिलिलिटर लघवीत पाव ग्रॅम ग्लुकोज मिसळलं, म्हणजे २५० चा नमुना झाला. गोळ्या चालू असताना पट्टी जेमतेम १०० च्या घरात गेली. तीन दिवस गोळ्या बंद ठेवून तीच चाचणी केली तर २५० आले. व्हिटॅमिन सी पट्टीवरचा आकडा निश्चित खाली ओढत होतं.

पण सकाळची पट्टी गोळ्या बंद केल्यावरही कोरीच राहिली. आता तिसरा संशयित उरला, आणि त्याला पकडायला रक्त आणि लघवी यांची एकाच वेळची जोडी लागते. त्याची रीत अशी. आधी लघवी करून मूत्राशय रिकामं करायचं आणि तो नमुना टाकून द्यायचा. एक पेला पाणी प्यायचं. १५ मिनिटांनी बोट टोचून रक्तातली साखर मोजायची. आणखी १५ मिनिटांनी पुन्हा लघवी करून त्या ताज्या नमुन्यात पट्टी बुडवायची. असं केलं की पट्टीसमोर येणारी लघवी फक्त त्या अर्ध्या तासाची असते आणि रक्ताचा आकडा त्याच अर्ध्या तासाच्या मधोमध पडतो.

तीन दिवसांत अशा सहा जोड्या घेतल्या. रक्तात १६८, १८६, १९९ आणि २१४ असताना लघवी ‘निल’. २२६ ला १०० च्या घरापर्यंतही न पोचणारी पुसट छटा. २४८ ला २५० चं घर. यांचा उंबरठा २२० च्या आसपास होता.

वय, दीर्घकाळचा मधुमेह आणि मंदावलेली गाळणी यांमुळे उंबरठा वर जाऊ शकतो, आणि इथे तिन्ही एकत्र होते. गाळणीचा वेग मिनिटाला १२० मिलिलिटर असताना रक्तात १८० साखर असेल तर मिनिटाला २१६ मिलिग्रॅम ग्लुकोज नळ्यांपाशी येतं. वेग ५८ वर आला की तेवढ्याच साखरेला सुमारे १०४ मिलिग्रॅमच येतं. सांडायला मुळात माल कमी. शिवाय मधुमेहात या नळ्यांची साखर परत ओढण्याची ताकद वाढलेली आढळते.

यातली वाईट गोष्ट अशी की उंबरठा वर गेला की पट्टीबरोबर लक्षणंही गप्प होतात. मधुमेहात वारंवार लघवी आणि तहान लागते ती मुख्यतः लघवीत सांडलेली साखर आपल्याबरोबर पाणी ओढते म्हणून. सांडणंच थांबलं तर रात्री उठावं लागत नाही, घसा कोरडा पडत नाही. “मला काही त्रास नाही,” हे गृहस्थ खरंच सांगत होते.

विचारात घेतलेले पर्याय

पट्टीच चालू ठेवायची, पण तिचा अर्थ ‘२२० पेक्षा कमी’ असा लावायचा, हा गृहस्थांनी स्वतः सुचवलेला पर्याय होता. सुई टळत होती. पण २२० च्या खाली काय चाललं आहे हेच तर कळायला हवं होतं. शिवाय ग्लिमेपिराइड हे साखर खाली आणू शकणारं औषध, आणि पट्टीला खालचं काहीच दिसत नाही.

दर तीन महिन्यांनी एचबीए१सी करायची आणि घरी काहीच मोजायचं नाही, हाही विचार झाला. मेटफॉर्मिनसारखं एकटं औषध असतं तर तो चालला असता. पण औषधं बदलायची होती आणि बदलाच्या काळात तीन महिने अंधारात राहणं परवडणारं नव्हतं.

दंडावर चिकटवायचा सतत मोजणारा सेन्सर सुईच्या भीतीवर चांगला तोडगा ठरला असता. मात्र इन्सुलिन घेत नसलेल्या माणसाला तो कायमचा लागतोच असं नाही, म्हणून तो राखीव ठेवला. शेवटी ग्लुकोमीटर ठरला. पहिले दोन आठवडे रोज उपाशीपोटी आणि दिवसातल्या सर्वांत मोठ्या जेवणानंतर दोन तासांनी, पुढे आठवड्यातून दोन दिवस.

सुईची भीती बरीचशी चुकीच्या जागी टोचण्याने वाढलेली असते. बोटाच्या गादीवर टोचलं की दुखतं, कारण तिथे संवेदना जास्त. नखाशेजारच्या कडेला, कोमट पाण्याने हात धुऊन, सुईची खोली कमीत कमी ठेवून टोचलं तर थेंबही पटकन येतो. हात धुणं केवळ स्वच्छतेसाठी नाही. फळाचा रस बोटावर राहिला असेल तर मीटर खोटा मोठा आकडा दाखवतो. ग्लुकोमीटरही तंतोतंत नसतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या खाली १५ अंकांचा आणि १०० च्या वर १५ टक्क्यांचा फरक मान्य आहे. पण १४० आणि १६० मधल्या फरकाबद्दल वाद घालणं वेगळं आणि ५० व १७५ एकसारखे दिसणं वेगळं.

केलेली कृती

मेटफॉर्मिन हळूहळू वाढवत १००० मिलिग्रॅम दोनदा केलं. लघवीतून अल्ब्युमिन जात असल्यामुळे मूत्रपिंडाला जपणारं एम्पाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम सकाळी जोडलं. ग्लिमेपिराइड होतं तेवढंच ठेवलं. मीटर कसा वापरायचा ते दाखवलं, व्हिटॅमिन सी बंद केलं, पाय रोज पाहायला सांगितलं. नव्या गोळीमुळे लघवी थोडी वाढेल, पाणी पुरेसं प्या, जननेंद्रियाची स्वच्छता ठेवा, हेही सांगितलं गेलं.

एक वाक्य राहून गेलं.

दुसरी चूक, उलट दिशेने

एम्पाग्लिफ्लोझिन काम करतं ते नळ्यांवरच. साखर परत ओढण्याचा जो मुख्य मार्ग आहे, तोच ते अडवतं. त्यामुळे रक्तात साखर अगदी बेताची असली तरी लघवीत साखर उतरतच राहते. दापाग्लिफ्लोझिन आणि कॅनाग्लिफ्लोझिन यांचंही तेच. मधुमेही माणसात या औषधाने दिवसाला ६० ते ८० ग्रॅम ग्लुकोज लघवीतून जाऊ शकतं. ७० ग्रॅम आणि दोन लिटर लघवी धरली तर डेसिलिटरमागे ३५०० मिलिग्रॅम होतात. पट्टीचं शेवटचं घर २००० चं. म्हणजे औषध नीट चालू असेल तर पट्टी शेवटच्या घरात जाऊन बसणारच. हे वाक्य कोणी सांगितलं नाही.

गृहस्थांनी मीटर घेतला, पण तीन वर्षांची सवय सुटली नव्हती. पट्टी चालूच होती. नवी गोळी सुरू झाल्याच्या पाचव्या दिवशी वहीत पहिल्यांदा ‘निल’ च्या जागी ‘२०००’ लिहिलं गेलं. त्याच सकाळी मीटर १३२ दाखवत होता. कोणावर विश्वास ठेवायचा? त्यांचा हिशेब असा: बाहेर एवढी साखर पडते आहे, तर आत किती असेल! मीटर नवा, हात न बसलेला. त्यात आधीच्या जोड्यांच्या चाचणीत त्यांना हेच शिकवलं गेलं होतं की पट्टी रंगली म्हणजे रक्तात २२० च्या वर. त्या वेळी ते बरोबरच होतं. औषध बदलल्यावर तो उंबरठाच राहिला नाही.

दोन रात्री त्यांनी ग्लिमेपिराइडची एक-एक जास्तीची गोळी घेतली. पट्टी हलेना, म्हणून तिसऱ्या रात्री दोन घेतल्या, आणि साखर कमी व्हावी म्हणून जेवणही निम्मं केलं. पहाटे अडीचला घामाने अंथरूण ओलं, हात थरथरत, बोलणं असंबद्ध. “बाबा, इकडे बघा, मी कोण?” याला उत्तर नीट येईना. मुलीने मीटरने मोजलं: ५२. नंतर वहीत सापडलं ते असं की त्याआधी पाऊण तास ते लघवीला उठले होते, पट्टी पाहिली होती, आणि ‘२०००’ लिहून पुन्हा झोपले होते.

ते गिळू शकत होते, म्हणून १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिलं. १५ मिनिटांनी ६६. पुन्हा १५ ग्रॅम. मग ९४, आणि त्यावर थोडं पोटभरीचं खाणं. इथे बरेच जण निःशंक होऊन झोपी जातात. ग्लिमेपिराइडमुळे साखर उतरली असेल तर ती एकदा वर आली म्हणजे संपलं असं नसतं. औषधाचा अंमल कित्येक तास टिकतो, मूत्रपिंड मंद असेल तर आणखी जास्त. मुलीने डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी दर तासाला मोजायला सांगितलं. पाच वाजता पुन्हा ६३ आले. तेव्हा रुग्णालयात नेऊन पुढचे २४ तास देखरेखीखाली ठेवलं. गिळता येत नसतं तर तोंडाने काहीही न देता पहिल्या क्षणीच न्यावं लागलं असतं.

परिणाम

ग्लिमेपिराइड पूर्ण बंद केलं. मेटफॉर्मिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन चालू राहिली. पुढच्या महिन्याभरात उपाशीपोटीचे आकडे १२४ ते १४२ मध्ये राहिले, जेवणानंतरचे बहुतेक १८० च्या आत. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.२, म्हणजे सरासरी १६०. ७० च्या खाली एकदाही आकडा गेला नाही. पायांच्या मुंग्या कमी झाल्या, बधिरपणा मात्र तसाच आहे. पट्टीने ‘निल’ म्हणत घालवलेल्या वर्षांचाही त्यात वाटा आहे.

निर्णयाचे टप्पे

पहिली संधी हुकली ती सहामाही फेऱ्यांत. “तपासता ना?” याऐवजी “कशाने, कधी, आणि आकडा काय येतो?” असं विचारलं असतं तर पट्टी पहिल्याच उत्तरात बाहेर आली असती. ‘नॉर्मल’ हा शब्द कागदावर चढवण्याआधी वही पाहायला हवी होती. मधुमेह असलेल्या माणसाच्या नोंदीत तीन वर्षं एकही फरक पडत नाही, तेव्हा ते नियंत्रणाचं लक्षण मानण्याआधी मोजणाऱ्या साधनाकडे पाहावं. खऱ्या साखरेचे आकडे कधी इतके सरळ रेषेत चालत नाहीत.

दुसरा टप्पा जोड्यांच्या चाचणीचा. ती उत्तम झाली, पण तिच्यातून गृहस्थांनी नियम उचलला तो ‘पट्टी रंगली म्हणजे २२०’ असा, आणि हा नियम औषध बदलताच रद्द होतो हे त्याच बैठकीत सांगायला हवं होतं. खरं तर जोड्या संपल्यावर पट्टीची बाटली परत घ्यायला हवी होती. दोन मापनं हातात ठेवली की माणूस त्यांतलं जास्त भीतीदायक खरं मानतो.

तिसरा टप्पा, एम्पाग्लिफ्लोझिन लिहून देण्याचा. चिठ्ठीवरच एक ओळ पुरली असती: ‘या गोळीवर लघवीत साखर दिसणारच, त्यावरून औषध कमी-जास्त करू नये.’ ही ओळ घरच्यांनाही कळायला हवी आणि पुढे कधी लघवीची नेहमीची तपासणी होईल तिथल्या लोकांनाही. नाहीतर अहवालातलं ‘साखर +++’ पाहून दुसराच कोणी औषध वाढवून मोकळा होतो. आणि ग्लिमेपिराइड त्याच दिवशी बंद करायचं की नाही, यावर दोन मतं असू शकतात. ८.६ असताना ते ठेवणं चुकीचं नव्हतं. पण ज्या घरात गोळ्यांचा साठा आहे आणि माणूस स्वतः हिशेब करणारा आहे, तिथे ते काढून टाकण्याकडे आमचा कल राहील.

पट्टीची जागा अजून कुठे

बोट टोचण्याचं साधन जवळ नसेल तिथे पट्टी आजही पहिली सूचना देते. लहान मूल अचानक खूप पाणी पिऊ लागलं, अंथरूण ओलं करू लागलं, वजन उतरलं, आणि पट्टी रंगली तर त्याच दिवशी रक्त तपासायचं, उद्यावर टाकायचं नाही. अशा वेळी रक्तातली साखर बहुधा उंबरठ्याच्या खूप वर असते, म्हणून पट्टीला ती सापडते. मात्र लक्षणं असतील तर कोऱ्या पट्टीनेही रक्ताची तपासणी टळत नाही.

गरोदरपणात उलटा प्रकार असतो. गाळणीचा वेग सुमारे दीडपट होतो, उंबरठा खाली येतो, आणि रक्तातली साखर अगदी ठीक असलेल्या कित्येक जणींच्या लघवीत साखर दिसते. उलट गरोदरपणातला मधुमेह असूनही पट्टी कोरी राहू शकते. म्हणून निदान ग्लुकोज पाजून केलेल्या रक्ताच्या तपासणीवरच होतं.

जिथे प्रश्नच मूत्रपिंडाचा आहे, तिथे पट्टीचं उत्तर खरोखर मोलाचं. रक्तात साखर ठीक आणि लघवीत भरपूर, असं दिसलं आणि वर सांगितलेल्या गोळ्यांपैकी काही चालू नसेल, तर नळ्यांकडे पाहायचं. काही जणांत हा जन्मजात, निरुपद्रवी स्वभाव असतो. पण साखरेबरोबर फॉस्फेट आणि अमिनो आम्लंही सांडत असतील तर तो फॅनकोनी सिंड्रोम असू शकतो, आणि टेनोफोव्हिरसारख्या औषधाने तो होऊ शकतो.

नवजात बाळाच्या बाबतीत तर पट्टीचा आंधळेपणाच कामाला येतो. जुनी बेनेडिक्टची चाचणी, म्हणजे निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून उकळणं, कोणत्याही क्षपणकारक शर्करेने विटकरी रंगाकडे जाते. पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते. बेनेडिक्ट रंगली आणि पट्टी कोरी राहिली, तर लघवीत गॅलॅक्टोजसारखी दुसरी शर्करा असण्याचा संशय घेऊन लगेच पुढची तपासणी करतात.

या गृहस्थांच्या बाबतीत पट्टी आणखी एकदा बाहेर निघाली. आठ महिन्यांनी हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली. एम्पाग्लिफ्लोझिन चालू असताना उपाशी राहिलं तर रक्तातली साखर फारशी न चढताही, चरबी जळताना तयार होणारे कीटोन साचून रक्तात आम्लता होऊ शकते, म्हणून ते तीन दिवस आधी बंद केलं. शस्त्रक्रियेच्या सकाळी मीटरवर १४६, आणि पट्टीवर अजूनही १०० चं घर. औषधाचा अंमल पुरता उतरलेला नव्हता. लघवीची कीटोनपट्टी ॲसिटोॲसिटेट पाहते आणि अशा आम्लतेत जास्त साचणारं बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट तिला दिसत नाही, म्हणून कीटोन रक्तात मोजले: ०.३ मिलिमोल. ०.६ च्या आत ठीक समजतात. शस्त्रक्रिया ठरल्या वेळी झाली, आणि खाणंपिणं नेहमीसारखं सुरू झाल्यावरच गोळी पुन्हा चालू केली.